दातांचं वार्षिक पॅकेज घेतलं, वापरलंच गेलं नाही. पैसे परत मिळतात का?

मुक्ता_कर्वेनगर | ९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

जूनमध्ये आम्ही घराजवळच्या एका डेंटल क्लिनिकमध्ये चौघांचं वर्षाचं फॅमिली पॅकेज घेतलं. मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई. एकूण १४,४०० रुपये. प्रत्येकाला दोनदा क्लीनिंग, एकदा ओपीजी (तो पूर्ण जबड्याचा एक्सरे) आणि तीन वेळा तपासणी. १४ जूनची पावती आहे, पॅकेज पुढच्या १३ जूनपर्यंत चालतं.

आजवर फक्त मुलाची एक तपासणी आणि एक ओपीजी झाला, तोही जुलैमध्ये अक्कलदाढ दुखत होती म्हणून. बाकी काहीच नाही. आता आम्हाला पॅकेज नको आहे. परवा ईमेल केला, तर उत्तर आलं की पॅकेज नॉन-रिफंडेबल आहे, पण 'सद्भावना म्हणून' दोनपैकी एक पर्याय देतो. एक, सगळी रक्कम क्लिनिकच्या वॉलेटमध्ये, सहा महिन्यांत वापरायची. दोन, २५ टक्के कॅन्सलेशन चार्ज आणि वापरलेल्या सेवा रेटकार्डच्या भावाने वजा करून ९,६०० रुपये.

पावतीच्या मागे बारीक अक्षरात नॉन-रिफंडेबल खरंच लिहिलंय. ९,६०० घेऊन मोकळं व्हावं का? कोणाला अनुभव असेल तर सांगा.

रोहन_पी | ९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

३० दिवसांचा फ्री लुक पिरियड असतो ना? त्यात पूर्ण पैसे परत द्यावेच लागतात. आधी १५ दिवस होता, आता ३० केलाय. तुम्ही उशीर केलात. तरी एकदा लोकपालाकडे टाकून बघा.

सुमनताई | १० नोव्हेंबर, सकाळी ७:१२

मुक्ता, मुलाची अक्कलदाढ काढायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरांना नक्की दाखव गं. माझ्या भाच्याची उगाच काढली होती.

श्रीपाद_ठाणे | १० नोव्हेंबर, सकाळी ९:३०

रोहन, तुम्ही म्हणता तो फ्री लुक विमा पॉलिसीला असतो, आणि तिथे ३० दिवस ही तुमची माहिती बरोबर आहे. पण डेंटल पॅकेज हा विमा नाही. ती आगाऊ पैसे देऊन घेतलेली सेवा आहे, त्यामुळे ना फ्री लुक लागू ना विमा लोकपाल. इथे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ बघायचा.

मुक्ताताई, मी बरीच वर्षं ग्राहक चळवळीत तक्रारी लिहून द्यायचं काम केलंय. उत्तर देण्याआधी एकच विचारतो. पॅकेज तुम्ही वापरलं नाहीत, की तुम्हाला वापरता आलं नाही? आणि परवाच्या ईमेलमध्ये कारण काय लिहिलंत?

मुक्ता_कर्वेनगर | १० नोव्हेंबर, दुपारी १:२०

काका, ईमेलमध्ये लिहिलं की 'वैयक्तिक कारणामुळे पॅकेज रद्द करायचे आहे'. वाद नको म्हणून.

खरं कारण वेगळं आहे. आम्ही दोघं नोकरी करतो, म्हणून घेतानाच विचारलं होतं की रविवारी मिळेल ना, आणि ते हो म्हणाले होते. ३ ऑगस्टला व्हॉट्सॅपवर रविवारची वेळ मागितली, तर 'स्लॉट फुल'. २४ ऑगस्टला पुन्हा मागितली, तर 'डॉक्टर रजेवर आहेत, गणपतीनंतर बघू'. ७ सप्टेंबरच्या मेसेजला उत्तरच नाही. मग २२ सप्टेंबरला मेसेज आला की कर्वेनगर शाखा बंद झाली आहे, तुमची फाइल बाणेर शाखेत पाठवली आहे. सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघ्यांचा त्रास. घरापासून दहा मिनिटांवर क्लिनिक होतं म्हणून तर घेतलं होतं. बाणेरला त्यांना कसं नेणार?

श्रीपाद_ठाणे | १० नोव्हेंबर, दुपारी ३:४५

मग तुमची केस तुम्ही सांगितलीत त्याहून पुष्कळ भक्कम आहे, आणि त्या एका वाक्याने तुम्हीच ती पातळ केलीत.

'वैयक्तिक कारण' लिहिलं की तुमचं मन बदललं असा अर्थ होतो. मग ते करारातल्या रद्द करण्याच्या अटीकडे बोट दाखवतात आणि बोलणं टक्क्यांवर येतं. इथे मात्र तीनदा वेळ मागूनही मिळाली नाही आणि ज्या जागेच्या भरवशावर पैसे दिले ती जागाच बंद झाली. ठरलेली सेवा ते देऊ शकत नाहीत. कायद्याच्या भाषेत ही सेवेतली त्रुटी. नॉन-रिफंडेबल हा शब्द ग्राहक माघार घेतो तेव्हासाठी आहे. दुकानदाराने स्वतःच हात वर केल्यावर त्याने त्या शब्दामागे लपायचं नाही.

आज दुसरा ईमेल पाठवा. पहिल्याचा उल्लेख करा आणि लिहा की त्यात कारण त्रोटक दिलं होतं, पूर्ण कारण असं आहे. मग तीन तारखा आणि २२ सप्टेंबरचा मेसेज. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दोन्ही दिसू द्या. खोटं काही लिहायचं नाही, फक्त सगळं लिहायचं.

आता हिशोब. क्लिनिकचं रेटकार्ड आहे का तुमच्याकडे? एका माणसाच्या पॅकेजमधल्या सेवांचा सुटा भाव किती होतो ते सांगा.

मुक्ता_कर्वेनगर | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:५०

पॅकेज घेताना दिलेला छापील कागद सापडला. क्लीनिंग १,५००, ओपीजी ९००, तपासणी ३००. म्हणजे माणशी ३,००० + ९०० + ९०० = ४,८००. चौघांचे १९,२००. ते खोडून खाली मोठ्या अक्षरात १४,४०० लिहिलंय.

श्रीपाद_ठाणे | १० नोव्हेंबर, रात्री ८:३०

छान, हा कागद जपून ठेवा.

१९,२०० च्या सेवा १४,४०० ला विकल्या, म्हणजे रुपयातले बारा आणे. मुलाने वापरलं ते ओपीजी ९०० आणि तपासणी ३००, रेटकार्डने १,२००. तुम्ही ज्या भावाने विकत घेतलं त्या भावाने ते ९०० होतात. म्हणजे तुमची मागणी १४,४०० वजा ९००, बरोबर १३,५००.

त्यांनी काय केलं बघा. आधी ३,६०० चार्ज कापला, मग वापरलेल्या सेवांना सवलत काढून घेऊन १,२०० कापले. राहिले ९,६००. तुमच्यात आणि त्यांच्यात ३,९०० चं अंतर आहे, आणि त्यातले ३,६०० एकट्या कॅन्सलेशन चार्जचे. जोर तिथे लावा. शाखा त्यांनी बंद केली, तर रद्द करण्याचा दंड तुम्हाला कसा?

वॉलेट घेऊ नका. आज तुमच्या पॅकेजला जूनपर्यंत मुदत आहे. वॉलेट घेतलंत की मुदत मेमध्येच संपेल, आणि ते बाणेरलाच वापरावं लागेल.

डॉ_अनघा_सांगली | १० नोव्हेंबर, रात्री ९:५५

मी दंतवैद्य आहे, माझं छोटं क्लिनिक आहे. मुक्ताताईंच्या केसमध्ये पूर्ण पैसे परत मिळायला हवेत, याबद्दल दुमत नाही. पण २५ टक्के म्हणजे निव्वळ लूट असं सरसकट म्हणू नये. पॅकेज विकणाऱ्या काउन्सेलरला विक्रीवर कमिशन गेलेलं असतं. पेशंटचं नुसतं मन बदललं तर ते कमिशन कोणी सोसायचं?

दुसरं जास्त महत्त्वाचं. पावतीवर नाव कोणाचं आहे ते बघा. अनेक ब्रँडच्या शाखा फ्रँचायझीच्या असतात. तिथे पैसे कधी शाखामालकाच्या फर्मच्या खात्यात जातात, कधी मुख्य कंपनीच्या. शाखा बंद झाल्यावर दोघंही म्हणतात, पैसे आमच्याकडे नाहीत. पत्र दोघांना पाठवा.

आणि मुलाचा ओपीजी आधी मागून घ्या. फिल्म नको, फाइल मागा. पुढच्या डॉक्टरांकडे तोच चालेल, मुलाला पुन्हा एक्सरे नको.

श्रीपाद_ठाणे | १० नोव्हेंबर, रात्री १०:२०

डॉक्टर, नावाचा मुद्दा लाख मोलाचा. कमिशनबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. भारतीय करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी भरपाई वाजवीच मिळते, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. खरं नुकसान दाखवा आणि तेवढं घ्या. जी क्लीनिंग झालीच नाही तिचे हातमोजे नाहीत, डॉक्टरांचा वेळ नाही.

डॉ_अनघा_सांगली | १० नोव्हेंबर, रात्री १०:४१

वेळ राखून ठेवलेला असतो, काका. पेशंट आला नाही म्हणून खुर्ची रिकामी राहिली तर तो तास परत येत नाही. निदान अपॉइंटमेंट घेऊन न येणाऱ्यांच्या बाबतीत तरी हे मान्य करा.

श्रीपाद_ठाणे | १० नोव्हेंबर, रात्री १०:५०

वेळ घेऊन न येणाऱ्यांबाबत मान्य. ज्याने वेळच घेतली नाही त्याच्यासाठी कोणती खुर्ची राखली होती, ते मला अजून पटत नाही.

नितीन_नाशिक | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

आमचं रक्ततपासणीचं पॅकेज होतं, आई-बाबांसाठी, वर्षातून दोनदा घरी येऊन सँपल नेणार. मे महिन्यात बाबांची बायपास झाली. त्यांच्या सगळ्या तपासण्या हॉस्पिटलातच होऊ लागल्या, पॅकेज तसंच पडून. मी लॅबला फोन करकरून दमलो. रोज तेच उत्तर, आमच्याकडे तुमचं पेमेंट दिसत नाही. शेवटी बाबांच्या जागी बहिणीचं नाव घालून दिलं. पैसे हातात आले नाहीत, पण वाया गेले नाहीत. ज्यांना रिफंड मिळत नाही त्यांनी नाव बदलून मागावं.

कलेक्शन_वाला | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

नितीनभाऊ, तुम्ही पॅकेज ॲपवरून घेतलं होतं का? मी एका कलेक्शन सेंटरवर काम करतो. ॲपवरून बुकिंग झालं की पैसे ॲपकडे राहतात, लॅबच्या खात्यात सँपल घेतल्यावर हिशोब होतो. म्हणून लॅबला पेमेंट खरंच दिसत नाही, समोरचा माणूस खोटं बोलत नसतो. जिथून पैसे कापले गेले तिथेच मागायचे, बुकिंग आयडी देऊन.

आणि सँपल घेतलेलं नसेल तर आमच्याकडे खर्च काहीच झालेला नसतो. ट्यूबवर बारकोड लागला की मग रद्द करणं अवघड. फ्लेबोटॉमिस्ट दारात आल्यावर नको म्हणालात तर व्हिजिट चार्ज कापतात, तो मला रास्त वाटतो, पेट्रोल त्याच्या खिशातून गेलेलं असतं.

नितीन_नाशिक | ११ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

हो, ॲपवरूनच. हे मे महिन्यात कोणी सांगितलं असतं तर! आईचा दुसरा राउंड बाकी आहे, आजच ॲपवर टाकतो.

विनया_कु | ११ नोव्हेंबर, दुपारी २:४०

नितीन, एक लक्षात ठेव. आई-बाबांच्या तपासणीचे पैसे तू ८०डी खाली दाखवले असशील (प्रतिबंधात्मक तपासणीला ५,००० पर्यंत मिळतात, तेही जुन्याच करप्रणालीत) आणि आता त्यातले पैसे परत आले, तर तेवढी वजावट तुझी राहत नाही. रिटर्न भरायचा असेल तर कमी करून भर, भरला असेल तर सुधारित भर.

मुक्ता_कर्वेनगर | १३ नोव्हेंबर, रात्री ९:१०

दुसरा ईमेल पाठवला, सगळ्या तारखांसह. पावतीवर एका फर्मचं नाव निघालं, ब्रँडचं नाव फक्त लोगोत. दोघांना पाठवला. आज मुख्य ऑफिसातून फोन आला, चार्ज २५ ऐवजी १० टक्के करतो म्हणाले. म्हणजे १४,४०० वजा १,४४० वजा १,२००, एकूण ११,७६०. आजच्या आज हो म्हणा, उद्या ऑफर नसेल, असंही म्हणाले.

घरात दोन मतं आहेत. नवरा म्हणतो घेऊन टाक. सासूबाई म्हणतात, आपण काही चुकलो नाही तर कापू का द्यायचं?

आणि पैसे क्रेडिट कार्डावर नऊ महिन्यांच्या ईएमआयने भरलेत, महिना १,६००. नो-कॉस्ट म्हणाले होते. हप्ते भरणं थांबवू का?

श्रीपाद_ठाणे | १३ नोव्हेंबर, रात्री ९:४५

हप्ते अजिबात थांबवू नका. ईएमआय तुमच्यात आणि बँकेत आहे, क्लिनिकला त्याच्याशी घेणंदेणं नाही. हप्ता चुकला तर दंडव्याज आणि सिबिल तुमचंच बिघडेल.

फोनवरच्या ऑफरला फोनवर हो म्हणू नका. 'कृपया हे ईमेलवर कळवा' एवढंच लिहा. आजच्या आज वगैरे दबाव असतो. ज्याने १० वर आणलं तो खालीही येईल.

मग १९१५ ला फोन लावा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तक्रार ऑनलाइनही नोंदवता येते. ते निकाल देत नाहीत, तक्रार कंपनीकडे पाठवतात, पण बऱ्याच कंपन्या तिथे नीट उत्तर देतात. मागणी नेमकी लिहा, १३,५०० रुपये मूळ कार्डावर. 'योग्य तो न्याय मिळावा' असं लिहिलंत तर उत्तरही तसंच गोलगोल येतं.

सूर्यकांत_दे | १४ नोव्हेंबर, सकाळी १०:००

सरळ वकिलाची नोटीस पाठवा. ही मंडळी त्याशिवाय हलत नाहीत. आणि त्यांची अटच अन्यायकारक आहे, 'अनफेअर कॉन्ट्रॅक्ट' म्हणून ग्राहक कोर्टात खेचा. नव्या कायद्यात आहे ते.

श्रीपाद_ठाणे | १४ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

सूर्यकांतराव, कायद्यात आहे हे खरं. पण एक खाच आहे, तिथे भलेभले अडकतात. अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगात करावी लागते. साडेतेरा हजारांसाठी पुण्याच्या माणसाने तिथे कशाला जायचं? तक्रार सेवेतल्या त्रुटीची करा, म्हणजे ती जिल्हा आयोगात बसते. पाच लाखांपर्यंत तिथे फी नाही, तक्रार e-jagriti.gov.in वर घरबसल्या दाखल होते, ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

वकिलाच्या नोटिशीचा खर्च मागणीच्या मानाने जड पडेल. स्वतःच्या सहीचं पत्र स्पीड पोस्टने पाठवलं तरी पुरतं. निकालाला मात्र वेळ लागतो, कायद्यात तीन महिने लिहिलेत म्हणून तेवढ्यात होतं असं नाही. म्हणून आधी बोलून मिटवायचं बघा.

तन्वी_बँकवाली | १४ नोव्हेंबर, दुपारी १:३०

कार्डाने पैसे भरलेत तर डिस्प्यूटचा रस्ता कोणी सांगितलाच नाही. 'सेवा मिळाली नाही' या कारणाखाली कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅक मागता येतो. वेळ साधारण १२० दिवसांचा असतो, आणि सेवा पुढे मिळायची होती तिथे ती बंद झाल्याच्या तारखेपासून मोजतात. २२ सप्टेंबर धरला तर जानेवारीच्या विसाव्यापर्यंत. पण इतकं थांबू नका, बँकेला आत्ताच विचारून ठेवा. शाखा बंद झाल्याचा मेसेज हा तिथे मुख्य पुरावा. 'मन बदललं' हे चार्जबॅकचं कारण होत नाही, म्हणजे तुमचा पहिला ईमेल तिथेही आड येईल, दुसरा सोबत जोडा. हे पैसे यूपीआयने दिले असते तर हा मार्ग इतका सोपा नव्हता.

आणि रिफंड आल्यावर काय होतं ते आधीच सांगते. पैसे कार्डावर जमा होतात, पण ईएमआय आपोआप बंद होत नाही. दर महिन्याला १,६०० लागतच राहतात. बँकेला फोन करून ईएमआय बंद करा असं सांगावं लागतं, आणि काही बँका त्याचा चार्ज घेतात. नो-कॉस्टमध्येही व्याजावर जीएसटी लागलेला असतो, तो परत येत नाही.

रोहन_पी | १४ नोव्हेंबर, दुपारी २:१०

मी फ्री लुक आणि हे एकच समजत होतो. ऑफिसातून मिळालेलं हेल्थ चेकअपचं कूपन वापरलं नाही तर त्याचे पैसे मागता येतात का मग?

विनया_कु | १४ नोव्हेंबर, दुपारी ३:००

पैसे तू भरले नाहीस रे, कंपनीने भरलेत. एचआरला मुदत वाढवून माग, नाहीतर बायकोच्या नावावर करून देतात का विचार.

मुक्ता_कर्वेनगर | २८ नोव्हेंबर, रात्री १०:३०

सगळ्यांना कळवायचं होतं. १५ तारखेला १९१५ वर तक्रार नोंदवली, तोच ईमेल आणि रेटकार्डचा फोटो जोडून. २१ ला क्लिनिकच्या मुख्य ऑफिसचं लेखी उत्तर आलं. कॅन्सलेशन चार्ज पूर्ण माफ. वापरलेल्या सेवा मात्र रेटकार्डनेच कापणार, १,२००. म्हणजे १३,२०० मूळ कार्डावर, दहा कामकाजाच्या दिवसांत.

पॅकेजच्या भावाने कापा म्हणून मी एकदा लिहिलं, ते हलले नाहीत. ३०० रुपये सोडायचं ठरवलं. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही.

सोबत एक फॉर्म आला होता, 'पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली' असं लिहून सही करून द्या. पैसे आलेले नाहीत आणि 'मिळाली' कशी लिहू? ते शब्द खोडून 'रक्कम कार्डावर जमा झाल्यानंतर लागू' असं हाताने लिहिलं, मग सही केली. त्यांनी काही म्हटलं नाही.

श्रीपाद_ठाणे | २८ नोव्हेंबर, रात्री १०:५५

शाब्बास. हे तर मी सांगायचं विसरलो होतो. वरचे ३०० मी मागत राहिलो असतो, पण निर्णय तुमचा.

मुक्ता_कर्वेनगर | ४ डिसेंबर, दुपारी १:०५

काल १३,२०० जमा झाले. तन्वीताई म्हणाल्या तसंच झालं. कार्डाच्या ॲपमध्ये वर १३,२०० जमा दिसतात आणि खाली पुढचा १,६०० चा हप्ता उभाच. बँकेला फोन केला, उरलेला ईएमआय बंद करायची विनंती घेतली आहे. चार्ज लागेल का, ते त्यांनी अजून सांगितलं नाही.

ओपीजीची फाइल मात्र तीनदा मागूनही आली नव्हती. आज सकाळी मी स्वतः बाणेरला गेले. रिसेप्शनवरच्या मुलीने कॉम्प्युटरवर मुलाचं नाव टाकलं, दोन मिनिटांत फाइल माझ्या ईमेलवर पाठवली आणि म्हणाली, मॅडम, कर्वेनगरच्या बऱ्याच पेशंट्सच्या फाइल इथे पडून आहेत, कोणी मागायलाच येत नाही.

डॉ_अनघा_सांगली | ४ डिसेंबर, दुपारी २:२०

फाइल उघडते का ते आत्ताच घरी बघा. काही मशीनच्या फाइल त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. उघडत नसेल तर त्या मुलीला जेपीजी करून पाठवायला सांगा.

मुक्ता_कर्वेनगर | ४ डिसेंबर, दुपारी २:४८

नाही उघडली. आत्ताच फोन केला, पाठवते म्हणाली.